माणसं नकोत की वसुली नको?

पत्र

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, वय 24, बी.एस्सी. (रसायनशास्त्र). सव्वा वर्ष एका मायक्रोफायनान्स कंपनीत फिल्ड ऑफिसर होते, मार्चमध्ये सोडलं. सकाळच्या बैठका मला आवडायच्या. साठेक बायांची नावं, कोणाचा हप्ता किती, सगळं तोंडपाठ होतं. दुपारी शाखेत बसून नोंदी करायलाही बरं वाटायचं. पण तीननंतर थकबाकीवाल्यांच्या घरी जायचं म्हटलं की हातपाय गळायचे. घरचे म्हणतात, तुला माणसांत वावरता येत नाही, लॅबमध्ये बस. पण कॉलेजच्या प्रोजेक्टला दोन महिने लॅबमध्ये एकटी होते, तेव्हाही दुपारनंतर जीव घुसमटायचा. सध्या तीन जागा दिसतात: कृषी केंद्रात कॉम्प्युटर ऑपरेटर, एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक, आणि हंगामात जिनिंगमध्ये ग्रेडरचा मदतनीस. मी माणसांतली की एकटीची? शोधू तरी काय?

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर

ताई, उत्तराचा बराचसा भाग तुमच्या पत्रातच आहे. त्याच बाया सकाळी बैठकीत होत्या आणि संध्याकाळी त्यांच्याच दारात तुम्ही उभ्या होतात. माणसं तीच, गाव तेच, तरी सकाळी बरं वाटायचं आणि संध्याकाळी पाय ओढवत नव्हते. म्हणजे दोष माणसांत वावरण्याचा नाही. बोलण्याचं काम एकाच जातीचं नसतं, आणि घरच्यांनी ते सगळं एकाच पोत्यात भरलं आहे.

नोकरी शोधताना बोलण्याबद्दल तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, माणसं ओळखीची ठरलेली आहेत की रोज नवी. दुसरी, तुम्ही त्यांना काही देता (माहिती, अहवाल, पैसे) की त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं असतं. तिसरी, बोलण्याची वेळ ठरलेली आहे की कोणीही केव्हाही येऊन तुमचं काम तोडतो. बैठकीत तिन्ही गोष्टी तुमच्या सोयीच्या होत्या: यादी ठरलेली, वेळ ठरलेली, आणि कर्जाची माहिती देणं, हजेरी, बायांनी स्वतः आणलेल्या हप्त्यांचा हिशोब असं काम. तीननंतर माणूस ओळखीचाच होता, पण काम काढून घेण्याचं झालं. तुम्हाला बाधली ती ही दुसरी गोष्ट.

एक खुलासा इथेच करतो. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे मायक्रोफायनान्सची वसुली ठरलेल्या ठिकाणीच करायची असते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करणं त्रास देण्यात मोडतं. तुमच्या शाखेत घरोघरी जाणं रोजचंच झालं असेल, तर तिथे ज्याचा जीव घाबरला त्याला कच्चा म्हणू नये.

आता एकटेपणाकडे वळू. लॅबमध्ये दुपारनंतर घुसमट का व्हायची, हे नीट पाहायला हवं, कारण त्यावर तीनपैकी एक जागा टिकते किंवा जाते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्या निकालाची कोणी वाट पाहत नव्हतं. आकडा आला, वहीत लिहिला, संपलं. शाखेतल्या नोंदींनाही एकटंच बसावं लागत होतं, पण त्या नोंदी सकाळी भेटलेल्या बायांच्या होत्या, म्हणून तिथे बरं वाटलं. आमचा अंदाज असा की तुम्हाला दोन-तीन तास सलग एकटं बसणं चालतं, आवडतंही. फक्त त्या बसण्याच्या एका टोकाला ओळखीचं माणूस हवं. हा अंदाज खरा की खोटा, ते तपासायची रीत पुढे देतो.

तीन जागांपैकी कृषी केंद्राची जागा पहिल्यांदा बाजूला ठेवा. नावात कॉम्प्युटर आहे म्हणून ती बसून शांतपणे करायची वाटते, तशी ती नाही. जून-जुलैत पाऊस पडला की काउंटरवर दिवसभर रांग असते. अनुदानाचं खत पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवूनच विकायचं, त्यात नेट गेलं की रांग तुमच्याकडे बघते. युरिया का नाही, युरियासोबत दुसरी पिशवी का घ्यायची, उधारी का बंद, हे सगळे प्रश्न बिल फाडणाऱ्याच्याच अंगावर येतात, आणि त्यातला एकही निर्णय त्याच्या हातात नसतो. शिवाय उधारीची वही त्याच संगणकात असते. दिवाळीनंतर चुकारे हातात आले की त्या वहीतल्या नावांना फोन कोण करणार, हे मालकाला विचारून बघा. उत्तर ‘ऑपरेटर करेल’ असं आलं, तर तुम्ही जिथून निघालात तिथेच परत पोचलात.

ग्रेडरच्या मदतनिसाचं काम त्याहून सरळ आहे, पण तुमच्यासाठी नाही. कापसाची गाडी आली की ओलावा मोजायचा, बोंडाचा कचरा आणि पिवळा कापूस बघायचा, प्रत ठरवायची. सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात, आणि 12 च्या वर गाडी परत असा हिशोब असतो. मशीनवर 13 दिसलं की समोरच्या शेतकऱ्याचा भाड्याचा खर्च आणि रात्रभरचं जागरण वाया जातं. तो मदतनिसाशीच वाद घालणार, आणि त्याच्या जागी कोणीही असता तर घातलाच असता. माणूस रोज नवा, बोलणं रोज कपातीचं. कडक नजरेच्या आणि वाद पाठीवर टाकून पुढची गाडी घेणाऱ्या माणसाला हे जमतं. हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फार तर मार्च-एप्रिलपर्यंतचा.

राहिली माती परीक्षणाची प्रयोगशाळा. हिच्याबद्दल सविस्तर सांगावं लागेल, कारण एकाच पाटीखाली दोन वेगळी कामं निघतात.

कामाचा गाभा असा: आलेले नमुने सावलीत वाळवायचे, लाकडी हातोडीने फोडायचे, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचे, नंबर टाकायचे. सामूसाठी 1 भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ढवळायचं, थांबायचं, मग मीटर लावायचा. सेंद्रिय कर्बासाठी अर्धा ग्रॅम ते एक ग्रॅम माती, पोटॅशियम डायक्रोमेट, गंधकाम्ल, अर्धा तास थांबणं आणि मग टायट्रेशन. रंग हिरवा व्हायच्या टोकाला आला की एक-एक थेंब. एक थेंब जास्त झाला की तो नमुना पुन्हा. आपल्या काळ्या, विम्लधर्मी जमिनीत स्फुरद ओल्सेन पद्धतीने काढतात, पालाश फ्लेम फोटोमीटरवर. प्रत्येक तुकडीबरोबर माती न घातलेला कोरा नमुना चालवायचा, म्हणजे रसायनच बिघडलं असेल तर कळतं.

यातलं एकटेपण सलग नसतं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाचं असतं. थांबायच्या वेळात दुसरी तुकडी लावावी लागते. मधे कोणी हाक मारली आणि तुम्ही कितव्या नमुन्यावर होता ते विसरलात, तर चूक तिथे दिसत नाही. ती अहवालात उतरते: शेजारी-शेजारी नंबरच्या दोन वावरांचा निकाल अदलाबदल होतो. म्हणून चांगल्या लॅबमध्ये बेंचवरच्या माणसाला दुपारपर्यंत कोणी हाक मारत नाही. अशी शिस्त जिथे आहे ती लॅब कामाची.

आता फरक कुठे पडतो ते बघा. काही लॅबमध्ये नमुने कंपनीच्या गाडीतून पोत्याने येतात, अहवाल छापून पोत्यानेच जातात. सहायकाला शेतकरी दिसतच नाही. तिथे तुमची कॉलेजची दुपार परत येईल. दुसऱ्या प्रकारच्या लॅबमध्ये, मुख्यतः कृषी विज्ञान केंद्रांच्या आणि काही शेतकरी कंपन्यांच्या, शेतकरी स्वतः नमुना घेऊन येतो, अहवालाला परत येतो, आणि कोणीतरी त्याला समजावून सांगतं की तुमच्या वावरात पालाश भरपूर आहे, त्यावर पैसा घालू नका, जस्त कमी आहे. हे ‘कोणीतरी’ कोण, हाच तुमचा प्रश्न. फोनवर एवढंच विचारा: ‘अहवाल शेतकऱ्याला कोण समजावतं?’ सहायक समजावतो असं उत्तर आलं तर जागा बघण्यासारखी आहे. कृषी अधिकारी समजावतात असं आलं, तर त्यांच्या शेजारी बसायला मिळेल का, तेही विचारा. पेरणीआधी, एप्रिल ते जून, नमुन्यांची गर्दी असते. तेव्हा बेंचच चालतो, समजावायला वेळ मिळत नाही. तुम्ही आज मुलाखतीला गेलात तर कोणता महिना चालू आहे, ते ध्यानात ठेवून लॅब बघा. एका भेटीवर मत ठरवू नका.

या तिन्हींपेक्षा तुमच्या पत्राला जास्त जुळणारी एक जागा तुमच्या यादीत नाही, आणि ती यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे खरोखर असते: सेंद्रिय कापसाच्या शेतकरी गटातला अंतर्गत निरीक्षक. जाहिरातीत ती ‘आयसीएस स्टाफ’, ‘फिल्ड फॅसिलिटेटर’, ‘क्षेत्र सहायक’ अशा नावांनी येते, म्हणून शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटते. सेंद्रिय प्रमाणपत्र एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून गट करून घेतात. गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी असते, तिलाच आयसीएस म्हणतात, बाहेरची प्रमाणन संस्था त्यावर पुन्हा तपासते. निरीक्षकाकडे ठरलेल्या गावांचे ठरलेले शेतकरी असतात. प्रत्येकाच्या वावरात साधारण वर्षातून दोनदा जायचं, कच्चा नकाशा काढायचा, शेजारच्या फवारणीच्या वावरापासून अंतर सोडलं आहे का बघायचं, बियाण्याची पावती, शेणखताची नोंद, शेतकऱ्याची डायरी तपासायची, आणि पऱ्हाटी बघून एकरी किती कापूस येईल याचा अंदाज लिहायचा. तो अंदाज महत्त्वाचा, कारण विक्रीचा आकडा त्याहून फार जास्त निघाला तर बाहेरचा कापूस मिसळल्याचा संशय येतो. मग कार्यालयात बसून हे सगळं नोंदवायचं. ठरलेली माणसं, ठरलेल्या भेटी, आणि त्यांच्याच नोंदी घेऊन एकटं बसणं. तुमच्या सकाळ आणि दुपारचं काम हेच होतं.

पण यातही एक कठीण बोलणं आहे, ते आधी माहीत असू द्या. सेंद्रिय कापसात जनुक बदललेलं बीटी बियाणं चालत नाही. त्याचा संशय आला की पऱ्हाटीचं कोवळं पान एका छोट्या नळीत द्रावणात चुरडतात आणि कागदाची पट्टी त्यात बुडवतात. काही मिनिटांत एक रेघ आली तर पट्टी नीट चालली, बीटी नाही. दोन आल्या तर बीटी आहे. दोन रेघा आल्या की त्या शेतकऱ्याचा कापूस सेंद्रिय म्हणून जाणार नाही, हे तुम्हालाच त्याच्या तोंडावर सांगावं लागतं. मागच्या वर्षी ज्याच्या घरी चहा घेतला त्याला. वसुलीपेक्षा हे वेगळं आहे, कारण निर्णय पट्टीचा आणि गटाच्या समितीचा असतो, तुम्ही त्याच्या घरातून काही उचलून नेत नाही. तरी हे तुमच्या सहनशक्तीत बसतं का, याचा प्रामाणिक विचार करा.

या जागेचं चांगलं-वाईट नावावरून कळत नाही, यादीच्या लांबीवरून कळतं. हिशोब मांडून बघू. समजा तुमच्याकडे 200 शेतकरी दिले. दोन फेऱ्यांच्या 400 भेटी. एका दिवसात नीट पाचच होतात, कारण वावर फिरावं लागतं. म्हणजे 80 दिवस. वर्षातले कामाचे 300 दिवस धरले तर उरलेले 220 दिवस गावबैठका, डायऱ्या आणि नोंदी. हे चांगलं काम आहे. तेच 450 शेतकरी दिले तर 900 भेटी, 180 दिवस, आणि नोंदी रात्री घरी. मग काय होतं? निरीक्षक वावरात न जाता पारावर बसून फॉर्म भरतो, आणि बाहेरच्या तपासणीत नकाशा चुकला की खापर त्याच्यावर फुटतं. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न पगाराचा नको. एका निरीक्षकामागे किती शेतकरी, किती गावं, आणि सगळ्यात लांबचं गाव किती किलोमीटर, हे आधी विचारा. दुसरा प्रश्न: शेतकऱ्यांना उधारीवर निविष्ठा दिल्या जातात का, आणि परतफेड कोण मागतं. काही ठिकाणी तेही क्षेत्र सहायकाच्याच गळ्यात असतं. तिसरा: हा प्रकल्प कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे. ही नोकरी बहुधा कराराची असते, प्रकल्प संपला की संपते, हे लपवण्यात अर्थ नाही.

उमेद या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या प्रभाग समन्वयकाचं काम लांबून असंच दिसतं, बचत गट, ग्रामसंघ, बैठका. तिथेही चौकशी करा, पण बँक कर्जाच्या परतफेडीचा पाठपुरावा महिन्यातले किती दिवस असतो, हे तिथे काम करणाऱ्या बाईलाच विचारा. कार्यालयात विचारू नका.

पत्रातला एकटेपणाचा प्रश्न दुसऱ्या वाचकांनाही पडतो, म्हणून एक गोष्ट जोडतो. ज्यांना खरोखर तासन्तास एकटं बसून आकडे जुळवायला आवडतं, त्यांनी तालुक्याच्या ठिकाणचं करसल्लागाराचं कार्यालय बघावं. तिथे गर्दी तारखांना बांधलेली असते. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यांचं विक्रीचं जीएसटी विवरण 11 तारखेला आणि कराचं 20 तारखेला, म्हणून त्या आसपासचे दिवस फोनचे आणि बाकीचे शांत. गर्दी कधी येणार ते आधी माहीत असलं की एकाग्र माणूस ती सोसतो. केव्हाही येणारी गर्दी त्याला मोडते.

आता तपासायची रीत. अर्ज करण्यापूर्वी लॅबमध्ये आणि एखाद्या सेंद्रिय गटात दोन-दोन दिवस नुसतं सोबत राहू द्या म्हणून विनंती करा. पैसे मागू नका, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. एका वहीत दर तासाला तीन शब्द लिहा: कोणाशी, कोणी सुरू केलं, कशासाठी. आणि रात्री जेवताना एक ओळ: आज घरी आल्यावर कोणाशी बोलावंसं वाटलं का. थकवा मोजू नका. वावर फिरून आलेला माणूस थकणारच. थकूनही घरी आल्यावर त्या दिवसातलं काही सांगावंसं वाटलं, तर काम जुळतं. गप्प बसावंसं वाटलं, तर त्या दिवशीच्या तासांकडे परत बघा, कोणता तास भारी पडला ते वहीत सापडेल. लॅबच्या दोन्ही दिवशी दुपारी 2 ते 4 चा तासच भारी पडत असेल आणि त्या वेळात एकही शेतकरी आलेला नसेल, तर वर केलेला अंदाज खरा. शेतकरी आले तरीही घुसमट झाली असेल, तर अंदाज चुकला. मग बंद खोलीतलं काम तुमच्या यादीतून काढा आणि फिरतीचंच शोधा.

फिरतीच्या कामात दारव्ह्याहून परतायची शेवटची एसटी आणि दुचाकी हे दोन विषय मुलाखतीतच मिटवा. संध्याकाळच्या गावबैठका किती आणि त्या कोण घेतं, तेही. पुष्कळ चांगल्या मुली काम आवडूनही याच एका कारणाने सहा महिन्यांत सोडतात.

आणि मागची नोकरी का सोडली, हे विचारलं जाईलच. तेव्हा ‘मला फिल्डवर जमलं नाही’ असं म्हणू नका, ते खरंही नाही. म्हणा: ‘साठ सभासदांच्या बैठका आणि नोंदी मी सांभाळल्या, घरोघरची वसुली मला करायची नाही, म्हणून वसुली नसलेलं क्षेत्रकाम शोधते आहे.’ सोबत जुन्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र ठेवा. रोकड हाताळलेल्या माणसाकडे हिशोब पूर्ण करून निघाल्याचा कागद पुढचा मालक मागतोच. तो अजून घेतला नसेल तर अर्जांच्या आधी तो घ्या.